फ्रीलान्स डेव्हलपरची साईट: जिनिंगच्या कामाची केस स्टडी आणि तिच्याखालचं बटण

पैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मी केळापूर तालुक्यातून फ्रीलान्स डेव्हलपमेंट करतो. साईट गिटहब पेजेसवर आहे, साधं एचटीएमएल आणि सीएसएस. पहिल्या पानावर नाव, खाली "फुल स्टॅक डेव्हलपर", टेक्नॉलॉजीचे लोगो आणि चार कामांचे चौकोन. चौकोन उघडला की एक स्क्रीनशॉट आणि दोन ओळी. सगळ्यात शेवटी "संपर्क करा" बटण आहे, ते फॉर्मच्या पानावर नेतं.

मला जिनिंगवाले, दाल मिलवाले आणि मंडीतले अडते यांची कामं हवी आहेत. लिंक व्हॉट्सॲपवर फिरते, लोक उघडतात, पण विचारणा येत नाही. त्यातल्या त्यात मोठं काम एका जिनिंगच्या वजनकाट्याचं आहे. सध्या त्याबद्दल एवढंच लिहिलं आहे: "जिनिंग मॅनेजमेंट सिस्टीम. पायथन, एसक्यूलाईट, थर्मल प्रिंटर. वापरायला सोपी आणि वेगवान."

हे नीट कसं लिहावं आणि बटणावर काय असावं, एवढंच विचारून राहिलो.

संत्राबाग
भाऊ, आजकाल साध्या एचटीएमएलले कोण पाहते? रिॲक्टमध्ये करा, थोडं ॲनिमेशन टाका, डेव्हलपरची साईट हाच त्याचा नमुना असते. दुसरं, जिनिंगचं नाव अन् लोगो टाका. नावाशिवाय केस स्टडीले काही वजन नाही. अन् बटण एकच काहून? फोन, व्हॉट्सॲप, मेल, लिंक्डइन, रेझ्युमे डाउनलोड, सगळं ठेवा. ज्याले जे सोयीचं पडते ते तो दाबेल.

निंबोळी
पैनगंगाकाठ, तुमच्या दोन ओळींत तुम्ही काय वापरलं ते आहे, जिनिंगवाल्याचं काय अडत होतं ते नाही. तुमचा वाचक कोण ते आधी ठरवा. हंगामात जिनिंगचा मालक काट्याच्या खोलीत उभा राहून, कोणीतरी पाठवलेली लिंक फोनवर उघडतो. एसक्यूलाईट हा शब्द त्याला काहीच सांगत नाही. "आमच्याकडेही हेच होतं" असं त्याला पहिल्या चार ओळींत वाटलं पाहिजे. ते वाटलं नाही तर तो पुढे सरकत नाही.

सॉफ्टवेअरचं नाव बाजूला ठेवा आणि एवढं सांगा. आधी पावती कोण आणि कशी करायचं? दिवसाला गाड्या किती? चूक नेमकी कुठे व्हायची आणि ती कोणाच्या लक्षात कधी यायची? तुम्ही काय जोडलं? आणि तुमचं काम कुठे चालत नाही? शेवटचा प्रश्न टाळू नका. केस स्टडी खरी वाटते ती बहुतेक त्याच उत्तरामुळे.

संत्राबाग, रिॲक्ट आणि नावाबद्दल नंतर लिहिते. दोन्हींत तुमचं थोडं बरोबर आहे.

पैनगंगाकाठ
ताई, सांगतो. मुनीम इंडिकेटरवर आकडा पाहून हाताने पावती लिहायचे, आधी भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, मग वजाबाकी. संध्याकाळी त्याच पावत्या एक्सेलमध्ये चढवायच्या. हंगामात दिवसाला साधारण 60 गाड्या. चूक व्हायची ती चढवताना, आकडे उलटे पडायचे. लक्षात यायचं शेतकरी पैसे घ्यायला आला की.

मी इंडिकेटरच्या सिरियल पोर्टवरून वजन थेट कॉम्प्युटरमध्ये घेतलं. पावती तिथेच छापली जाते, रजिस्टर आपोआप भरतं. नेट लागत नाही. ज्या इंडिकेटरला सिरियल पोर्ट नाही तिथे चालत नाही. आणि गाडी काट्यावर हलत असली की आकडा नाचतो, म्हणून सलग 3 सेकंद तोच आकडा राहिला तरच नोंद घेतो.

सेतू_केंद्र
भाऊ, कापसाची सीसीआयची नोंदणी या साईटवर होते काय? कागदपत्रं काय लागतात ते सांगा, रोज लोक विचारायले येतात.

पैनगंगाकाठ
नाही दादा, ही माझ्या कामाची साईट आहे. कापसाच्या नोंदणीशी तिचा संबंध नाही.

निंबोळी
सेतू केंद्रवाल्या दादांचा प्रश्न सोडून देऊ नका. "जिनिंग मॅनेजमेंट सिस्टीम" वाचून लोकांना नेमकं काय समजतं, ते त्यातून दिसतं. शीर्षकातच काम यायला हवं. तुम्ही दिलेल्या माहितीतून मजकूर असा उभा राहतो:

"काट्यावरचं वजन थेट पावतीत: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगचं काम

हंगामात इथे रोज साधारण 60 गाड्या येतात. मुनीम इंडिकेटर पाहून हाताने पावती लिहायचे आणि संध्याकाळी त्याच पावत्या कॉम्प्युटरवर पुन्हा चढवायचे. एका पावतीला 2 मिनिटं धरली तरी रोजचे 2 तास जात.

खरी अडचण वेळेपेक्षा मोठी होती. ट्रॅक्टर-ट्रॉली भरलेली 5,840 किलो, रिकामी 3,460 किलो, म्हणजे कापूस 2,380 किलो, 23.80 क्विंटल. चढवताना हेच 28.30 पडलं तर साडेचार क्विंटलचा फरक. भाव 7,000 रुपये धरला तर एका पावतीत 31,500 रुपये. आणि ही चूक पैसे देतानाच उघडी पडते.

आता वजन इंडिकेटरवरून थेट कॉम्प्युटरमध्ये येतं. गाडी हलत असताना आकडा घेतला जात नाही, सलग 3 सेकंद तोच राहिला तरच नोंद होते. पावती काट्यावरच छापली जाते आणि रजिस्टरमध्ये तीच नोंद जाते. वजन दुसऱ्यांदा टाईप करायचं काम उरलेलं नाही. इंटरनेट नसलं तरी चालतं.

यासाठी इंडिकेटरला सिरियल पोर्ट असावा लागतो. तो नसेल तर हे काम जमत नाही."

यात "70 टक्के वेळ वाचला" असं काही नाही, ते मुद्दाम. तसा आकडा कुठून आला ते वाचणाऱ्याला कळत नाही. 60 गाड्या आणि 2 मिनिटं हा गुणाकार मात्र तो आपल्या काट्याला लावून पाहतो. त्याच्याकडे 25 गाड्या येत असतील तर त्याला 50 मिनिटं दिसतील, आणि तो हिशोब त्याचा स्वतःचा असेल. फक्त 2 मिनिटं हा आकडा मुनीमजींना विचारून पक्का करा, मी अंदाजाने टाकला आहे. 31,500 चं उदाहरण "धरला तर" असंच राहू द्या, जिनिंगमध्ये घडलेली घटना म्हणून लिहू नका.

पायथन वगैरे सगळ्यात खाली एका ओळीत. एखादी नागपूरची कंपनी पाहत असेल तर तिला ते तिथे सापडेल.

रातपाळी
पैनगंगाकाठ, मजकुराआधी एक गोष्ट तपासा. तुमचा फॉर्म कुठे जातो? गिटहब पेजेस फक्त फायली दाखवतं, फॉर्मचा मजकूर घेऊन ठेवणारं तिथे काही नसतं. फुकटच्या टेम्प्लेटमधले बरेच फॉर्म बटण दाबलं की "धन्यवाद, लवकरच संपर्क करू" दाखवतात आणि कुठेच काही पाठवत नाहीत.

क्रोममध्ये F12 दाबा, Network उघडा, फॉर्म भरून पाठवा. नवीन रिक्वेस्ट दिसली नाही तर मजकूर ब्राउझरमध्येच संपला. रिक्वेस्ट गेली आणि 405 आलं तर सर्व्हरने ती नाकारली.

पैनगंगाकाठ
तपासलं. "धन्यवाद" येतं, Network मध्ये एकही रिक्वेस्ट नाही. म्हणजे कोणी लिहिलंही असेल तर माझ्यापर्यंत आलंच नाही.

संत्राबाग
मग गूगल फॉर्म टाका ना. शीटमध्ये सगळं जमा होते, अन् नंबर साईटवर टाकावा लागत नाही. नंबर टाकला की लोनवाल्यायचे फोन सुरू होतात.

रातपाळी
गूगल फॉर्मने मजकूर पोचेल, हे बरोबर. नंबरची काळजीही रास्त आहे. त्यासाठी घरचा नंबर न देता वेगळं सिम घ्या आणि व्हॉट्सॲप बिझनेस त्यावर चालवा. पण जिनिंगचा मालक फोनवर सहा रकाने भरत बसणार नाही. त्याचा सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो, तर बटणही तिथेच न्यावं. संदेश आधीच लिहिलेला असला तर त्याला फक्त आकडा भरावा लागतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लिंक अशी करून घ्या:

```js
"https://wa.me/91XXXXXXXXXX?text=" +
encodeURIComponent("नमस्कार, काटापट्टीचं काम वाचलं. आमच्याकडे रोज अंदाजे __ गाड्या येतात. इंडिकेटरचा फोटो पाठवतो.")
```

जे उत्तर येईल ते अवतरणचिन्हांशिवाय जसंच्या तसं `href` मध्ये टाका. मराठीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तिथे `%E0%A4…` अशा 9 अक्षरांचं होतं, त्यामुळे लिंक लांबलचक दिसेल. घाबरू नका, संदेश दोन-तीन ओळींचाच ठेवा.

लिंक बिघडते ती ठराविक जागी. नंबरच्या आधी 91 हवा, पण `+`, शून्य, मोकळी जागा किंवा डॅश नको. आणि संदेश एन्कोड न करता टाकला, त्यात `&` किंवा `#` असलं, तर संदेश तिथेच तुटतो. "कापूस & तूर" लिहिलं तर समोरच्याला फक्त "कापूस" दिसेल.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप जोडलेलं नसलं तर हे बटण अडकतं. म्हणून बटणाखाली नंबर साध्या अक्षरांतही लिहा, `tel:+91XXXXXXXXXX` लावून. नुसत्या मेलच्या लिंकवर विसंबू नका, कॉम्प्युटरवर मेलचं ॲप बसवलेलं नसेल तर दाबून काहीच होत नाही आणि माणसाला वाटतं साईट बंद आहे.

निंबोळी
रातपाळी यांनी संदेशात "इंडिकेटरचा फोटो" घातला, ते या बटणाचं मर्म आहे. "संपर्क करा" म्हटलं की माणसाला काय बोलावं ते सुचत नाही, आणि पुढे काय होईल तेही ठाऊक नसतं. बटणावर असं लिहा: "इंडिकेटरचा फोटो पाठवा, जमेल की नाही ते सांगतो". खाली बारीक अक्षरात: "उत्तर त्याच दिवशी संध्याकाळी. फोटो पाहायचे पैसे नाहीत." फोटोत मॉडेल आणि मागचा पोर्ट दिसला की तुम्हालाही पाच मिनिटांत सांगता येतं. अट एकच, संध्याकाळी उत्तर देणं जमणार असेल तरच ती ओळ लिहा. नाहीतर "दुसऱ्या दिवशी" लिहा.

हे बटण पानावर दोनदा येऊ द्या, एकदा पहिल्या परिच्छेदाखाली आणि एकदा शेवटी. शब्द तेच, लिंकही तीच. पाच वेगळी बटणं ठेवली तर माणूस आधी बटणं वाचत बसतो. लिंक्डइन आणि रेझ्युमे "माझ्याबद्दल" पानावर राहू द्या, तिथे त्यांचं काम आहे.

आणि प्रत्येक केस स्टडीच्या बटणातला संदेश वेगळा ठेवा. "काटापट्टीचं काम वाचलं", "दाल मिलचं स्टॉक रजिस्टर वाचलं" असं. कोणतं पान वाचून माणूस आला ते संदेशावरूनच कळतं, वेगळं ॲनालिटिक्स लावायची गरज नाही. काही जण तो मजकूर खोडून नुसतं "हॅलो" पाठवतील, त्यांचं कळणार नाही.

वैनगंगा_रिमोट
माझे क्लायंट बाहेरच्या देशांतले आहेत, तिथे हे व्हॉट्सॲपचं चालत नाही. मी कॅलेंडरची लिंक ठेवतो, 20 मिनिटांचा कॉल, वेळ त्यांच्याच घड्याळात दिसते. केस स्टडी इंग्रजीत. पैनगंगाकाठ यांनीही इंग्रजीच ठेवावी असं माझं मत. उद्या पुण्याची कंपनी आली तर?

निंबोळी
तुमच्या वाचकांसाठी कॅलेंडर अगदी बरोबर. अडत्याला मात्र कॅलेंडरमध्ये वेळ निवडायला लावणं म्हणजे फोनच्या आड भिंत उभी करणं. पैनगंगाकाठ यांनी वर स्पष्ट लिहिलं आहे की त्यांना जिनिंग, दाल मिल आणि अडते हवे आहेत, तेव्हा हे पान मराठीतच राहावं. पुण्यासाठी इंग्रजी पान वेगळं करता येईल, पण एकाच पानावर अर्धं हे अर्धं ते नको.

आता नावाचं. संत्राबाग म्हणतात तसं नाव असलं तर वजन येतं, पण ते लेखी परवानगीने. व्हॉट्सॲपवर तयार पानाची लिंक पाठवून "हे असं टाकू का" विचारा आणि होकार जपून ठेवा. नकार आला तर "यवतमाळ जिल्ह्यातलं एक जिनिंग" पुरतं, कारण तपशील इतका नेमका आहे की काम करणाऱ्यालाच तो माहीत असणार. मात्र तालुका, गाड्या आणि मशीनची संख्या असं सगळं एकत्र लिहिलं तर आजूबाजूचे लोक नाव ओळखतात. नाव लपवायचं असेल तर यातलं एखादं गाळा.

रातपाळी
स्क्रीनशॉटचं राहिलं. पावतीवर शेतकऱ्याचं नाव, मोबाईल, कधी बँक खातंही असतं. सीएसएसचा `filter: blur()` लावून झाकलं असं समजू नका. मूळ चित्र फोनवर पूर्ण उतरतं, चित्र वेगळं उघडलं की सगळं वाचता येतं. सगळ्यात बरं म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नमुन्याच्या नोंदी भरा, "शेतकरी 1", "शेतकरी 2", आणि त्याचाच स्क्रीनशॉट घ्या. खरा घ्यायचाच असेल तर चित्रावरच गडद चौकोन काढून नव्याने सेव्ह करा.

फोटोच्या फाईलच्या आकाराबद्दल: फोनवरून काढलेला काट्याचा फोटो 4 एमबीचा असतो. नेट 1 एमबीपीएस मिळत असेल तर तो एकटाच 32 सेकंद घेतो. रुंदी 1000 पिक्सेलवर आणून वेबपीमध्ये केला की 100 ते 150 केबीत बसतो, तोच फोटो सेकंदभरात येतो. `width` आणि `height` लिहा, नाहीतर फोटो उतरताच मजकूर खाली सरकतो आणि दाबायला गेलेलं बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

मराठी अक्षरांसाठी वेगळा फॉन्ट उतरवू नका, ॲन्ड्रॉइडमध्ये देवनागरी असतेच. `line-height` 1.7 च्या आसपास ठेवा. टेम्प्लेटमध्ये शीर्षकाला `letter-spacing` असेल तर ते काढा, त्याने शिरोरेषा तुटते.

संत्राबाग
बरं, ते सगळं मान्य. पण रिॲक्टचं काय वाईट आहे ते अजून कोणी सांगितलं नाही.

रातपाळी
वाईट काही नाही भाऊ, पण इथे एका ठिकाणी अडतं. लिंक व्हॉट्सॲपवर फिरते, आणि तिच्यासोबत दिसणारा फोटो आणि शीर्षक व्हॉट्सॲप पानाच्या मूळ एचटीएमएलमधून घेतं, जावास्क्रिप्ट चालवत नाही. नुसत्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रिॲक्टमध्ये सगळ्या केस स्टडींना एकच शीर्षक दिसतं, किंवा काहीच दिसत नाही. आधीच एचटीएमएल तयार करून देणारी पद्धत वापरली तर रिॲक्टही चालेल. चार पानांसाठी ते करायची गरज मला दिसत नाही. प्रत्येक पानाच्या `head` मध्ये हे टाका:

```html
<meta property="og:title" content="काट्यावरचं वजन थेट पावतीत">
<meta property="og:description" content="रोज 60 गाड्या, वजन एकदाच नोंदवलं जातं">
<meta property="og:image" content="https://example.in/img/kata.jpg">
```

चित्राचा पत्ता `https` पासून पूर्ण हवा, नुसतं `/img/kata.jpg` चालत नाही. हे चित्र जेपीजी आणि 300 केबीच्या आत ठेवा. पानाचा पत्ता इंग्रजी अक्षरांत ठेवा, `/kam/katapatti/` असा. मराठीत ठेवला तर पाठवताना त्याचा `%E0%A4` वाला गुंता होतो आणि लोकांना ती लिंक संशयास्पद वाटते.

पैनगंगाकाठ
पान तयार केलं, निंबोळीताईंचा मजकूर घेतला. मुनीमजींना विचारलं, ते म्हणाले पावतीला दीड मिनिट धरा. 60 गाड्यांना 90 मिनिटं, तेच टाकलं. मालकांनी नाव टाकायला नकार दिला, म्हणून "एक जिनिंग" ठेवलं. दोन अडचणी उरल्या. माझ्या विंडोजवर फोटो दिसतो, साईटवर दिसत नाही. आणि भाव लिहावा का? "सुरुवात इतक्यापासून" असं?

रातपाळी
फाईलचं नाव पाहा. `Kata.JPG` आणि `kata.jpg` विंडोजला एकच वाटतात, गिटहब पेजेसला नाही. सगळी नावं लहान अक्षरांत करा. नुसतं मोठ्याचं लहान केलं तर विंडोजवर गिटला बदल दिसतोच असं नाही, म्हणून `git mv Kata.JPG kata.jpg` असं करा.

संत्राबाग
भाव लिहाच. नाहीतर शंभर लोक नुसते भाव विचारतात, दिवस त्यातच जाते.

निंबोळी
मी लिहिणार नाही. इंडिकेटर, केबल, प्रिंटर आणि गावाचं अंतर यांवर काम दुप्पटही होतं. खालचा आकडा लिहिला की माणूस तोच धरून बसतो. फार तर कशावर भाव ठरतो ते दोन वाक्यांत लिहा.

वैनगंगा_रिमोट
मी संत्राबाग यांच्या बाजूने. आकडा नसला की लहान गिऱ्हाईक "आपल्या बजेटमधलं नसेल" म्हणून विचारतच नाही. निदान एवढ्यापासून एवढ्यापर्यंत असं लिहावं.

पैनगंगाकाठ
भावाचं अजून ठरलं नाही. दाल मिलच्या पानावर आकडा ठेवतो, कारण तिथे हार्डवेअर नाही. काट्याच्या पानावर सध्या नाही. फोटो `git mv` ने आला. पण व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की अजून जुनंच शीर्षक दिसून राहिलं.

रातपाळी
तुमच्या फोनने आधीचं साठवून ठेवलं आहे. लिंकच्या शेवटी `?v=2` लावून पाठवा, नवीन दिसेल. ज्यांना आता पहिल्यांदा पाठवायची आहे त्यांनाही तीच पाठवा. पाठवा दाबण्याआधी शीर्षक आणि फोटो वर येईपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा. ते चित्र तुमच्याच फोनवर तयार होऊन जातं, घाई केली तर समोरच्याला नुसती निळी लिंक दिसते.